शार्पनिंगने धुरकटपणा का जात नाही, आणि तो कशाने जातो

डोंगरमाथ्यावरून दूरवरच्या रांगांचा फोटो काढतो तेव्हा डोळ्यांना सगळं स्पष्ट दिसत असतं. तोच फोटो मोठ्या पडद्यावर उघडला की दरी राखाडी, रांगा फिकट निळ्या आणि सगळ्यावर पातळ दुधाळ पडदा. बहुतेकांचा हात अशा वेळी शार्पनिंगकडे जातो. माझाही बरीच वर्षं तिकडेच जायचा. अमाउंट वाढवत नेली की झाडांच्या कडा टोकदार होतात, आकाशात दाणे उमटतात, डोंगराच्या माथ्यावर पांढरी रेघ दिसायला लागते. पडदा मात्र आहे तिथेच राहतो. फोटो धुरकट तर असतोच, वर तो खरखरीतही होतो.

यामागचं कारण एकदा नीट कळलं की पुढच्या पायऱ्या जवळजवळ आपोआप सुचतात. म्हणून आधी थोडा हिशेब करू आणि मग एक फोटो सुरुवातीपासून शेवटपर्यंत दुरुस्त करू.

धुरकटपणा म्हणजे वरून मिसळलेला उजेड

दूरच्या झाडापासून कॅमेऱ्यापर्यंत येताना प्रकाशाला बरीच हवा ओलांडावी लागते. त्या हवेतले धूलिकण, बाष्प आणि स्वतः हवेचे रेणू दोन गोष्टी करतात. झाडाकडून येणारा काही प्रकाश ते वाटेतच बाजूला फेकतात, आणि आकाशाचा व सूर्याचा काही प्रकाश आपल्या दिशेने वळवतात. म्हणजे झाडाचा स्वतःचा प्रकाश कमी होतो आणि परका प्रकाश त्यात मिसळतो. सूत्रात ते असं मांडतात:

```
I = J × t + A × (1 − t)
```

I म्हणजे फोटोत दिसणारं मूल्य, J म्हणजे वस्तूचं खरं मूल्य, A म्हणजे धुरकट हवेचा स्वतःचा उजेड आणि t म्हणजे वस्तूचा किती हिस्सा प्रकाश आपल्यापर्यंत पोचला. अंतर वाढतं तसा t कमी होत जातो.

आता आकडे घालून पाहू. हिशेब सोपा राहावा म्हणून 0 ते 255 ही नेहमीची पट्टी धरली आहे. प्रत्यक्षात हे गणित प्रकाशाच्या मूळ मोजमापावर चालतं, पडद्यावरच्या आकड्यांवर तंतोतंत नाही. पण कल दाखवायला एवढं पुरे. समजा झाडाची सावली 20 आहे, उन्हातला खडक 120 आहे आणि धुरकट हवेचा उजेड 200 आहे. अगदी जवळ, जिथे t 0.95 आहे, तिथे सावली 29 आणि खडक 124 दिसेल. दरीच्या मध्यावर t 0.7 धरला तर सावली 74 आणि खडक 144. दूरच्या रांगेत t 0.4 धरला तर सावली 128 आणि खडक 168.

या आकड्यांकडे जरा थांबून पाहा. खडक आणि सावली यांच्यात मुळात 100 चा फरक होता. दूरच्या रांगेत तो 40 वर आला, आणि जी सावली काळपट असायला हवी होती ती मधल्या राखाडीपर्यंत चढली. झाडाची कड धूसर झालेली नाही, कड जागेवरच आहे. तिच्या दोन्ही बाजूंच्या छटा एकमेकींच्या जवळ सरकल्या आहेत आणि दोन्ही उजळल्या आहेत.

शार्पनिंग काय करतं? कडेच्या दोन्ही बाजूंचे एक-दोन पिक्सेल एकमेकांपासून लांब ढकलतं. म्हणजे 128 आणि 168 यांच्या सीमेवर 118 आणि 178 होईल, पण सावलीच्या आतला सगळा भाग 128 च राहील. डोळ्याला पडदा दिसतो तो या आतल्या भागामुळे, आणि तिथे शार्पनिंगचा हातच पोचत नाही. करायचं आहे ते वेगळंच: मिसळलेला उजेड वजा करायचा, उरलेला फरक ताणायचा, आणि हे दोन्ही अंतराप्रमाणे कमीजास्त करायचं.

आधी ओळखा: हवा, काच की नुसता सपाट उजेड?

तीन वेगळ्या कारणांनी फोटो सारखाच निस्तेज दिसू शकतो, आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे. ओळखायची युक्ती सोपी आहे. फोटोतली कॅमेऱ्याला सर्वांत जवळची आणि मुळात काळी असलेली गोष्ट शोधा: दगडाखालची फट, बुटाची सावली, जवळच्या खोडाची अंधारी बाजू. तिच्यावर कर्सर नेऊन मूल्य वाचा.

जवळचं काळं नीट काळं आहे आणि दूरचं काळं राखाडी आहे, असं असेल तर दोष हवेचा. जवळचं काळंही दूरच्याइतकंच राखाडी असेल तर उजेड लेन्समध्येच मिसळला आहे: सूर्य समोर होता, पुढच्या काचेवर बोटाचा ठसा होता, बाष्प होतं, किंवा फोटो खिडकीच्या काचेतून काढला होता. अशा फोटोत वजाबाकी बऱ्याच अंशी सगळीकडे सारखीच लागते, म्हणून ब्लॅक पॉइंट आत ओढला की निम्म्याहून अधिक काम होतं. मास्कची कटकट क्वचितच लागते, फार तर सूर्याच्या बाजूच्या कोपऱ्यात.

तिसरं कारण म्हणजे ढगाळ, सावलीविरहित उजेड. तिथे काळं काळं असतं, पांढरं पांढरं असतं, पण मधल्या छटा एका जागी दाटलेल्या असतात. मिसळलेला उजेड नसल्यामुळे डिहेजने, म्हणजे धुरकटपणा काढणाऱ्या स्लायडरने, तिथे काही साधत नाही, उलट रंग भडक होतात. हलका एस आकाराचा कर्व्ह आणि थोडं स्थानिक काँट्रास्ट एवढंच करा.

पुढचा सगळा भाग पहिल्या, म्हणजे हवेच्या धुरकटपणाबद्दल आहे. सर्वांत अवघड तोच, आणि सर्वांत जास्त वाट लागते तीही त्याच्याच दुरुस्तीत.

सुरुवात रॉ फाइलवरून

दूरच्या रांगेचे 40 अंश ताणून 80 करायचे असतील तर मुळात मधल्या छटा पुरेशा हव्यात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या असतात, त्यामुळे त्या रांगेला मोजून चाळीसेक पायऱ्या मिळतात. ताणल्यावर प्रत्येक दोन पायऱ्यांमध्ये फट पडते, आणि क्षितिजाजवळच्या आकाशात पट्टे दिसायला लागतात. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये 16,384 पायऱ्या असतात, म्हणून तीच ओढाताण ती सहज सोसते. जेपेगच हातात असेल तर काम थांबवू नका. खाली दिलेल्या आकड्यांच्या निम्म्यावर थांबा.

आणखी दोन कामं स्लायडरला हात लावण्याआधीच करून टाका. पहिलं, लेन्स प्रोफाइल चालू करून कोपऱ्यांचा काळोख काढा. काँट्रास्ट ताणला की तो काळोखही ताणला जातो, आणि मग कोपरे का काळवंडले ते कळत नाही. दुसरं, आकाशातले सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके पुसा. धुरकट फोटोत ते लपलेले असतात, डिहेजनंतर एकेक करून वर येतात.

पहिला टप्पा: संपूर्ण फोटोला हलका हात

आपल्या उदाहरणातला फोटो असा आहे: खाली जवळचा खडक आणि एक झाड, मध्ये दरी, वर दोन दूरच्या रांगा आणि त्यावर आकाश. झाडाचा शेंडा दूरच्या रांगेवर आलेला आहे. ही अडचण पुढे येणारच आहे, म्हणून आत्ताच लक्षात ठेवा.

हिस्टोग्राम पाहिला तर डावीकडे मोकळी जागा दिसते, कारण सर्वांत गडद छटा 29 च्या आसपास सुरू होते. ही जागा भरण्यासाठी Blacks डावीकडे न्या. लाइटरूममध्ये Alt दाबून हा स्लायडर ओढला की पडदा पांढरा होतो आणि जे भाग पूर्ण काळे होत आहेत तेवढेच ठिपके दिसतात. जवळच्या झाडाखाली पहिला ठिपका दिसला की थोडं मागे या. गडद टोक 12 च्या जवळपास राहिलं तर उत्तम. तसंच Whites उजवीकडे न्या, आकाश फाटायच्या बरंच आधी थांबा.

नेमकी इथेच मोठी चूक होते. दरी अजून फिकट दिसते म्हणून माणूस Blacks आणखी ओढत राहतो. दरीतली सावली 74 वर आहे. तिला काळी करायला गेलात तर 74 च्या खालचं सगळं, म्हणजे जवळच्या खडकाच्या आणि झाडाच्या सगळ्या सावल्या, काळ्या डबक्यासारख्या एकजीव होतील. एकाच वजाबाकीने तिन्ही अंतरांचा प्रश्न सुटणार नाही. या टप्प्यावर दरी फिकटच राहू द्या.

आता Dehaze, पण फक्त +10 ते +15. हा स्लायडर लाइटरूममध्ये 2015 साली आला. आतली सूत्रं प्रत्येक सॉफ्टवेअरची आपापली असतात, पण या कामाचा एक गाजलेला मार्ग 2009 साली कायमिंग हे, जियान सुन आणि शियाओऊ तांग यांनी मांडला. त्यांचं निरीक्षण असं की धुकं नसलेल्या फोटोत, आकाश सोडलं तर, कुठलाही छोटा तुकडा घ्या, त्यात कुठल्या ना कुठल्या पिक्सेलचा लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एक तरी रंग जवळजवळ शून्य असतो. तो शून्य नसून वर चढलेला असेल, तर जेवढा चढला तेवढं धुकं. डार्कटेबलमधलं धुकं काढण्याचं मॉड्यूल याच कल्पनेवर उभं आहे.

कल्पना सुंदर आहे, आणि तिची मर्यादा तिच्यातच दडलेली आहे. या पद्धतीला अंतर दिसत नाही, ती रंगावरून अंदाज बांधते. म्हणून पांढरी भिंत, फिकट वाळू, ढग किंवा पांढरा सदरा या सगळ्यांना ती धुकंच समजू शकते आणि त्यांना काळवंडून टाकते. जवळ माणूस उभा असेल तर चेहरा मळकट तांबूस होतो. संपूर्ण फोटोला +50 दिल्यावर जो जळका, गडद निळा, नाटकी फोटो दिसतो त्याचं कारण हेच: जिथे धुकं नव्हतं तिथूनही ते काढलं गेलं. मला विचाराल तर संपूर्ण फोटोवर Dehaze +20 च्या पुढे न्यायची गरज क्वचितच पडते. त्यापुढचं काम मास्कचं.

दुसरा टप्पा: अंतराप्रमाणे मास्क

आपल्याला दोन मास्क हवे आहेत: एक दरीसाठी, एक दूरच्या रांगांसाठी.

दूरच्या रांगांपासून सुरू करा. लिनिअर ग्रेडियंट वरून खाली ओढा, म्हणजे वर पूर्ण परिणाम आणि दरीकडे येताना तो विरत जाईल. यात आकाशही आलं आणि झाडाचा शेंडाही. दोन्ही वगळायचे आहेत, आणि इथे धुकंच आपल्या मदतीला येतं. धुक्याने दूरच्या रांगेतल्या सगळ्या छटा 128 ते 168 या चिंचोळ्या पट्ट्यात आणून ठेवल्या आहेत, म्हणजे उजेडाच्या शंभर अंशांच्या पट्टीवर साधारण 50 ते 66. आकाश त्याच्या वर आहे आणि झाड जवळजवळ सगळं त्याच्या खाली. तेव्हा ग्रेडियंटला Intersect करून Luminance Range जोडा आणि पट्टा 48 ते 68 ठेवा, दोन्ही टोकं थोडी मऊ ठेवा. O दाबून मास्कचा लाल थर पाहा: रांगा लाल, शेंडा आणि आकाश स्वच्छ. उन्हाने चमकणारी दोन-चार पानं आत राहिली तर ब्रशने वजा करा. पानापानाभोवती मास्क रंगवत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि कडाही नैसर्गिक राहतात.

हा मास्क शक्यतो जोरदार काँट्रास्ट देण्याआधीच करा. छटा ताणून पसरल्यावर त्या एकमेकींत मिसळतात आणि ही सोय हातची जाते.

आता या मास्कमध्ये किती ताणायचं? गणिताप्रमाणे रांगेतली सावली 128 वरून परत 20 वर नेता येईल. तसं अजिबात करू नका. दूरचं फिकट दिसतं म्हणूनच ते दूर वाटतं. डोळा अंतर असंच मोजतो. सगळ्या रांगा सारख्याच काळ्या केल्या की डोंगर पुठ्ठ्याचे कापून एकाला एक चिकटवल्यासारखे दिसतात. मी सावल्यांची एक उतरंड ठरवून घेतो. जवळची सर्वांत गडद सावली 12, दरीतली 42, दूरच्या रांगेतली 88. उजळ टोकं साधारण 130, 145 आणि 165. आकडे प्रत्येक फोटोत बदलतील, क्रम बदलता कामा नये: दूरची सावली जवळच्या सावलीपेक्षा काळी कधीच नको.

या उतरंडीप्रमाणे दूरच्या मास्कला Dehaze +25 ते +35, Blacks −10 ते −20 एवढं सुरुवातीला द्या आणि सावलीवर कर्सर ठेवून आकडा वाचत पुढे जा. लाइटरूममध्ये हे आकडे टक्क्यांत दिसतात, तेव्हा 88 म्हणजे साधारण 35 टक्के आणि 42 म्हणजे 16. दरीच्या मास्कला Dehaze +12 ते +18 पुरेल. दोन्ही मास्कच्या सीमा एकमेकांवर थोड्या चढू द्या, नाहीतर मध्ये फिकट पट्टा राहतो.

डिहेजची सोय नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, उदाहरणार्थ गिंपमध्ये, हेच काम कर्व्हने होतं, आणि खरं सांगायचं तर तिथे ते जास्त हुकमी होतं. थराची प्रत करा, त्या प्रतीवर कर्व्ह उघडा आणि दोन बिंदू ठेवा: 128 चा 88 करा आणि 168 चा 165. प्रतीला काळा लेयर मास्क देऊन फक्त दूरच्या रांगांवर पांढरा ग्रेडियंट ओढा. मधल्या कर्व्हचा चढ जवळपास दुप्पट झाला, म्हणजे त्या भागातला काँट्रास्ट दुप्पट झाला; नॉइजही तेवढाच वाढला. हे कायम लक्षात असू द्या, कारण t जितका लहान तितकी ताण मोठी. t 0.1 असलेल्या जागी खरं मूल्य परत मिळवायचं तर दहापट ताणावं लागेल, आणि तिथे डोंगराऐवजी दाणेच हाती येतील.

रंग: पडदा गेला की निळा उरतो

हवेचे रेणू निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त विखुरतात. तरंगलांबी निम्मी झाली तर विखुरणं सोळापट होतं. म्हणून कोरड्या, स्वच्छ हवेतला धुरकटपणा निळसर असतो. धुक्यातले पाण्याचे थेंब आकाराने मोठे असतात, ते सगळे रंग जवळपास सारखे विखुरतात, म्हणून धुकं पांढरं किंवा राखाडी दिसतं.

याचा परिणाम थेट कामावर होतो. दूरच्या रांगेतल्या सावलीचे तीन रंग वेगवेगळे वाचा. लाल 112, हिरवा 126, निळा 143 असं काहीतरी दिसेल. तिन्हींमधून सारखंच वजा केलं तर निळ्याची आघाडी तशीच राहते आणि गडद झाल्यावर ती जास्त डोळ्यात भरते: रांगा शाईत बुडवल्यासारख्या दिसतात. म्हणून निळ्यातून जास्त आणि लालमधून कमी वजा करायला हवं. लेव्हल्समध्ये प्रत्येक चॅनेलचा काळा बिंदू वेगळा ठेवता येतो. या सावलीसाठी लाल 50, हिरवा 60, निळा 72 इथून सुरुवात करता येईल. हे दूरच्या थरावरच करायचं, आणि वरच्या कर्व्हच्या जागी, त्याच्या जोडीला नव्हे. लाइटरूमच्या मास्कमध्ये Temp +5 ते +10 आणि Saturation −5 ते −10 एवढ्याने तोच परिणाम साधतो.

निळा पूर्ण काढू नका. दूरच्या रांगेत थोडा निळा उरला नाही तर डोंगर मातकट दिसतात आणि हवा नाहीशी होते.

तिसरा टप्पा: स्थानिक काँट्रास्ट

आतापर्यंत मोठ्या पट्ट्यांचा हिशेब लागला. तरीही रांगेच्या अंगावरच्या घळी, सोंडा आणि झाडांचे पुंजके थोडे सपाट वाटत असतील. या गोष्टी पिक्सेलभर रुंद नसतात, पन्नास-शंभर पिक्सेलच्या असतात, आणि त्यांच्यासाठीच स्थानिक काँट्रास्ट असतं.

गंमत अशी की हे काम शार्पनिंगच्याच अवजाराने होतं, फक्त ते उलट्या प्रमाणात वापरायचं. अनशार्प मास्कमध्ये शार्पनिंगसाठी त्रिज्या 1 च्या आसपास आणि अमाउंट 100 टक्क्यांच्या पुढे असते. इथे त्रिज्या 50 ठेवा आणि अमाउंट 15 ते 20 टक्के. गिंपमध्ये ती अमाउंट 0.15 ते 0.2 अशी लिहिली जाते. 6000 पिक्सेल रुंद फोटोसाठी हे प्रमाण जमतं, फोटो निम्म्या आकाराचा असेल तर त्रिज्याही निम्मी करा. त्रिज्या मोठी झाल्यामुळे फरक कडेपुरता न राहता संपूर्ण घळीवर पसरतो, आणि घळ खोल दिसायला लागते. लाइटरूममधला Clarity साधारण याच जातीचा आहे, Texture त्याहून बारीक तपशिलावर चालतो. दूरच्या मास्कला Clarity +10 ते +15 द्या, Texture शून्यावरच ठेवा. त्या अंतरावर बारीक तपशील उरलेलाच नसतो, उरलेला असतो तो नॉइज.

स्थानिक काँट्रास्टचा धोका डोंगराच्या माथ्यावर दिसतो. गडद रांग आणि उजळ आकाश यांच्या सीमेवर आकाशाच्या बाजूने पांढरी प्रभावळ उमटते. शंभर टक्के मोठं करून पाहिलं तर ती लक्षातही येत नाही, कारण ती पन्नास पिक्सेल रुंद आणि मऊ असते. फोटो लहान करून, पडद्याच्या पाव भागात मावेल एवढा करून पाहा. माथ्यावर उजळ पट्टा चमकला तर मास्कमधून माथ्यालगतची पट्टी ब्रशने पुसा, किंवा Clarity निम्मा करा. आकाश मास्कमधून आधीच वगळलेलं असेल तर हा त्रास बराच कमी होतो.

तपासणी, आणि मगच शार्पनिंग

इथवर आलात की फोटो बंद करून अर्धा तास तरी दुसरं काही करा. डोळा काँट्रास्टला फार लवकर सरावतो, आणि प्रत्येक पुढची पायरी आधीच्यापेक्षा बरीच वाटते. परत आल्यावर पहिल्या नजरेला जे खुपतं ते खरं. मला बहुतेक वेळा दूरचा मास्क तिसऱ्या हिश्शाने कमी करावा लागतो.

मग क्रमाने पाहा: जवळच्या सावल्यांमध्ये अजून तपशील आहे का, सावल्यांची उतरंड सांभाळली गेली का, क्षितिजाजवळच्या आकाशात पट्टे पडले का, नवे धुळीचे ठिपके वर आले का. आकाशात पट्टे दिसत असतील तर आकाश मास्कमध्ये शिरलं आहे. Luminance Range चं वरचं टोक 68 वरून 64 वर आणा.

शार्पनिंगची पाळी यानंतर. लाइटरूम रॉ फाइलला मुळातच अमाउंट 40 आणि त्रिज्या 1.0 देतो, आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं. Masking चा स्लायडर Alt दाबून 60 च्या आसपास न्या, म्हणजे आकाश आणि दूरचे सपाट भाग काळे होतील, याचा अर्थ त्यांना शार्पनिंग लागणार नाही. दूरच्या मास्कला Sharpness −20 ते −30 आणि Noise +15 ते +20 द्या. खडकाला शार्पनिंगचा फायदा होतो, कारण तिथे खऱ्या कडा आहेत. पडदा आधीच गेलेला असल्यामुळे आता फारच थोडं शार्पनिंग लागतं, हे पहिल्यांदा करून पाहाल तेव्हा आश्चर्य वाटेल.

हात टेकायची जागा

काही फोटोंत सर्वांत मागची रांग आकाशापासून जेमतेम पाच-सहा अंशांनी वेगळी असते. तिला ताणून फक्त दाणे आणि पट्टे मिळतात. तिला तशीच धूसर राहू द्या आणि तिच्या पुढची रांग नीट करा. पुढची रांग उठून दिसली की मागचीचा फिकटपणा दोष वाटत नाही.

आणि जिथे तेही जमत नाही, तिथे फोटो कृष्णधवल करून पाहा. लाल प्रकाश सर्वांत कमी विखुरतो, म्हणून निळसर धुरकट फोटोत लाल चॅनेलमध्ये दूरचा तपशील सर्वांत जास्त टिकलेला असतो आणि निळ्यात सर्वांत कमी. तिन्ही चॅनेल एकेक करून उघडून पाहा, फरक लगेच दिसेल. कृष्णधवल मिश्रणात निळ्याचा स्लायडर खाली ओढा: डिहेजला हात न लावताही रांगा एकामागून एक उभ्या राहतात. फोटो पांढऱ्या धुक्यातला असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण तिथे तिन्ही चॅनेल सारखेच धूसर असतात.